इंटर्नलचे ४० गुण आणि ७५ टक्के हजेरी: एसवायबीकॉमच्या वर्गाला पत्र

मुलांनो आणि मुलींनो,

नवीन सेमिस्टरच्या पहिल्या आठवड्यात दरवर्षी मी हे सगळं वर्गात तोंडी सांगते. दरवर्षी ते अर्ध्या वर्गाला ऐकू येतं, कारण उरलेला अर्धा वर्ग तेव्हा एसटीत किंवा प्रवेशाच्या रांगेत असतो. मग ऑक्टोबरात स्टाफरूमच्या दाराशी गर्दी होते आणि "मॅडम, आम्हाला हे माहीतच नव्हतं" सुरू होतं. म्हणून यंदा लिहूनच देते आहे. पत्र लांबलं आहे, पण एकदा शेवटपर्यंत वाचा आणि वहीच्या मागे ठेवून द्या.

आपला विषय बिझनेस स्टॅटिस्टिक्स, ४ क्रेडिटचा, १०० गुणांचा. त्यातले ६० गुण सेमिस्टरच्या शेवटच्या लेखी पेपरला आणि ४० गुण इंटर्नलला. तुमच्या मोठ्या भावाबहिणीने "इंटर्नल पंचवीसचं असतं" असं सांगितलं असेल, तर ते त्यांच्या पॅटर्नचं झालं. नवीन शैक्षणिक धोरणाचा आराखडा आल्यापासून आकडे बदलले आहेत आणि प्रत्येक विद्यापीठात ते सारखेही नाहीत. दुसऱ्या जिल्ह्यातल्या मित्राचं ऐकून गणित मांडू नका.

आता ते ४० गुण कुठून येतात ते बघा. दोन चाचण्या होतील, प्रत्येकी २० गुणांची. दोन्हींची बेरीज ४० होते, तिचं निम्मं करून २० गुण धरले जातील. दहा स्वाध्याय असतील, दर आठवड्याला साधारण एक, प्रत्येकाला १ गुण, म्हणजे १० गुण. आणि एक प्रकल्प, १० गुणांचा. झाले ४०.

यात "व्हेटेज" म्हणजे नेमकं काय, ते नीट समजून घ्या. दुसऱ्याच प्रकरणात आपण भारित सरासरी शिकणार आहोत आणि तिचं पहिलं उदाहरण तुम्हीच आहात. चाचणीच्या पेपरवर लाल शाईने लिहिलेला १ गुण हा तुमच्या अंतिम निकालात अर्धाच गुण असतो, कारण ४० चे २० होतात. स्वाध्यायाचा १ गुण मात्र पुरा १ गुणच राहतो. म्हणजे घरी बसून, वही समोर उघडी ठेवून, शेजारच्या ताईला विचारून सोडवलेला एक स्वाध्याय हा चाचणीतल्या २ गुणांच्या बरोबरीचा आहे. चाचणीच्या आदल्या रात्री तुम्ही जागता, एकेका गुणासाठी माझ्याशी भांडता, पेपर परत तपासा म्हणता. आणि तीच मुलं स्वाध्याय द्यायचा राहिला म्हणून खांदे उडवतात. हिशेब उलटा चालला आहे, एवढंच सांगते.

व्हेटेजचा आणखी एक पदर आहे, तो कागदावर दिसत नाही. समजा प्रकल्पात सगळ्या वर्गाला ८ किंवा ९ गुण मिळाले. मग प्रकल्पाला १० गुणांचं वजन असूनही, वर्गात कोण पुढे आणि कोण मागे हे ठरवण्यात त्याचा हात जवळपास नसतो, कारण तिथे सगळे एकाच पायरीवर उभे आहेत. चाचणीत मात्र कोणी २० पैकी ५ वर असतो, कोणी १८ वर. फरक तिथे पडतो. एखाद्या घटकाचा खरा प्रभाव त्याच्या ठरवून दिलेल्या वजनावर असतो, तितकाच त्या गुणांच्या पसाऱ्यावरही अवलंबून असतो. प्रमाण विचलन शिकताना हे परत निघेल. पण याचा व्यवहारातला अर्थ आजच लक्षात ठेवा. प्रकल्प बुडवणारा एकटा एकदम आठ पायऱ्या खाली जातो. प्रकल्प चांगला करणारा मात्र कोणाच्या फारसा पुढे जात नाही. तो करायचाच असतो.

आता सर्वांत जास्त गोंधळ होतो त्या गोष्टीकडे येते. पास होण्यासाठी ४० टक्के लागतात हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण ते ४० टक्के एकूण बेरजेत असून भागत नाही. इंटर्नल आणि लेखी पेपर ही पासिंगची दोन वेगळी खाती आहेत. इंटर्नलमध्ये ४० पैकी १६ आणि पेपरात ६० पैकी २४, दोन्ही स्वतंत्रपणे हवेत. एका खात्यातली शिल्लक दुसऱ्यात वळवता येत नाही.

एक उदाहरण पूर्ण मांडते. एका मुलाला लेखी पेपरात ६० पैकी ४१ मिळाले. मुलगा हुशारच. इंटर्नलमध्ये पहिल्या चाचणीत २० पैकी ११. दुसऱ्या चाचणीच्या दिवशी तो मामाच्या गावी, म्हणून ०. दोन्ही मिळून ४० पैकी ११, निम्मं केलं की साडेपाच. स्वाध्याय तीनच दिले, ३ गुण. प्रकल्प शेवटच्या दिवशी घाईत, त्याचे ५. एकूण साडेतेरा, पूर्णांकात १४. म्हणजे १०० पैकी ५५ गुण मिळवून तो नापास. त्याच्याच बाकावरची मुलगी, पेपरात २५ आणि इंटर्नलमध्ये १७, एकूण ४२, पास. निकाल लागला की असा मुलगा गॅझेट दाखवत येतो आणि म्हणतो की कॉम्प्युटरची चूक झाली आहे. चूक झालेली नसते. आणि पुढचं त्याहून वाईट. त्याचे पेपरातले ४१ गुण पुढे धरले जातात, ते वाया जात नाहीत. पण इंटर्नलची केटी लागते, म्हणजे पुढच्या वर्षी हे सेमिस्टर पुन्हा येईल तेव्हा टीवायचा अभ्यास सांभाळून, ज्युनिअर मुलांबरोबर बसून चाचण्या आणि प्रकल्प नव्याने. उरलेल्या सात स्वाध्यायांपैकी दोन नीट केले असते, तर हे सगळं टळलं असतं. साडेतेरा अधिक दोन, साडेपंधरा, त्याचे १६.

इथे तुम्ही विचाराल की अर्ध्या गुणाचं काय करता. अर्धा किंवा त्याहून जास्त असेल तर वरचा पूर्णांक धरते, पण फक्त एकदा, शेवटच्या बेरजेवर. समजा चाचण्यांचे साडेतेरा, स्वाध्यायांचे साडेसात, प्रकल्पाचे साडेसहा. बेरीज साडेसत्तावीस, म्हणून २८. प्रत्येक घटक आधीच वर ओढला तर १४, ८ आणि ७, म्हणजे २९ होतात. तो एक गुण कुणी कमावलेला नाही, तो माझ्या गोलाकारीतून आला. त्यामुळे "मॅडम, साडेसात म्हणजे आठच ना" असं मधल्या टप्प्यावर कोणी म्हणू नये.

स्वाध्याय शनिवारी पहिल्या तासाला टेबलावर यायला हवेत. आठवडाभर उशिरा आले तर अर्धा गुण, त्यानंतर शून्य. एकमेकांना विचारून सोडवा, त्याला माझी काहीच हरकत नाही. फक्त उतरवू नका. मागे एकदा सात वह्यांमध्ये वारंवारतेची बेरीज ९८ आली होती, खरी ८९ होती. सात जणांची आकडेमोड वेगवेगळ्या ठिकाणी चुकली असती तर मी गप्प बसले असते.

प्रकल्प यंदा आठवडी बाजाराचा आहे. सलग चार बाजारांना जायचं, ठरलेल्या दहा वस्तूंचे भाव टिपायचे आणि पहिल्या बाजाराला १०० मानून पुढच्या तीन बाजारांचे निर्देशांक काढायचे. गुण असे: टिपणवहीला ४, आकडेमोडीला ३, तोंडी प्रश्नांना ३. टिपणवही म्हणजे बाजारात उभं राहून लिहिलेली कच्ची वही, पावसाने ओली झालेली चालेल, सुवाच्य अक्षरात घरी उतरवलेली नको. घरी बसून बनवलेले भाव मला कळतात आणि कसे कळतात तेही सांगून टाकते. अशा वहीत भेंडी ४३ रुपये, गवार ५७ रुपये, वांगी ३८ रुपये असे विस्कळीत आकडे असतात, कारण खरं वाटावं म्हणून मुलं मुद्दाम वेडेवाकडे आकडे घालतात. बाजारात असं कोणी विकत नाही. तिथे वाटा दहाला, पाव किलो वीसला, जुडी पंधराला. खरे भाव कंटाळवाणे असतात, पाच-दहाच्या पटीत अडकलेले, दोन-दोन आठवडे न हलणारे. आणि मग एखादा पावसाळी बाजार येतो, कोथिंबीर एकदम दुप्पट होते. वाटा वजनाने नसतो, मग किलोचा भाव कसा काढलास, हा तोंडी परीक्षेतला माझा ठरलेला प्रश्न आहे. ज्याने वाटा हातात घेऊन अंदाज केला आहे त्याला तो जड जात नाही.

आता हजेरी. आधी एक गैरसमज काढते. काही ठिकाणी हजेरीला इंटर्नलमधले गुण असतात. माझ्या विषयात हजेरीला एकही गुण नाही. ती गुणांच्या गणितात येतच नाही. ती दारावरची चौकट आहे. ७५ टक्के असेल तर परीक्षेच्या हॉलमध्ये प्रवेश, नसेल तर हॉल तिकीट अडतं आणि मग तुमचे इंटर्नलचे ३८ गुण असले तरी त्या सेमिस्टरला उपयोग नाही.

७५ टक्के कशाचे? ठरलेल्या तासांचे नव्हे, प्रत्यक्ष झालेल्या तासांचे. थिअरीच्या १ क्रेडिटला १५ तास धरतात, म्हणून ४ क्रेडिटला ६० तास. पण मी रजेवर असले आणि तास झालाच नाही, तर तो तास हिशेबात नाही. मी रजेवर असून दुसऱ्या सरांनी तास घेतला तर तो धरला जातो. धो धो पावसात कलेक्टरांनी सुट्टी जाहीर केली तर तो दिवस कोणाच्याच खात्यात नाही. कॉलेज चालू आहे, मी वर्गात आहे आणि सगळ्या वर्गाने ठरवून बंक मारला, तर मात्र तास झाला आणि सगळे गैरहजर. मास बंकने कोणाचं तरी नुकसान होतं असं वाटत असेल, तर ते तुमचंच.

६० तास झाले तर ४५ हवेत. म्हणजे १५ बुडाले तरी चालतात. आणि इथेच सगळी गोम आहे. मुलं या १५ ला सुट्ट्यांचा कोटा समजतात. गौरी-गणपतीला कॉलेजची सुट्टी संपली तरी पाहुणे आहेत म्हणून दोन दिवस, नंतर एकवीस दिवसांचं विसर्जन म्हणून एक, मित्राच्या बहिणीचा साखरपुडा, मॅचचा दिवस. सप्टेंबर संपेपर्यंत १३ संपलेले असतात. मग ऑक्टोबरात भातकापणी येते, घरी माणूस हवं असतं, किंवा ताप येतो. तेव्हा खिशात २ उरलेले असतात. हे १५ तास मुळात तापासाठी आणि भातासाठीच ठेवलेले आहेत. त्यांच्यावर आणखी वेगळी आजारपणाची रजा मिळत नाही.

डॉक्टरांच्या सर्टिफिकेटबद्दल याचसाठी स्पष्ट सांगते. सर्टिफिकेटने हजेरी वाढत नाही. मस्टरवर तुम्ही गैरहजरच राहता. सर्टिफिकेट उपयोगी पडतं ते एवढ्यासाठी की तुमची हजेरी ६० ते ७५ टक्क्यांच्या मध्ये अडकली, तर कमी पडलेले तास माफ करायचे की नाही हे ठरवताना समिती ते वाचते. ते परत रुजू झाल्यावर आठ दिवसांत ऑफिसात द्यायचं आणि पोचेची सही घ्यायची. सेमिस्टर संपताना जुन्या तारखेचं आणलेलं सर्टिफिकेट समितीला लगेच ओळखू येतं. ६० टक्क्यांच्या खाली असाल तर समितीच्या हातातही काही नाही. एनसीसीचा कॅम्प, एनएसएस, खेळाच्या स्पर्धा, युवा महोत्सव यांची गोष्ट वेगळी. त्या त्या सरांनी सहीची यादी दिली की ते तास मी हजर धरते. यादी मात्र त्यांच्याकडून आली पाहिजे. तुमच्या व्हॉट्सॲपवरचा मैदानातला फोटो चालत नाही.

आता एक हिशेब, जो तुम्ही स्वतः दर महिन्याला करायचा आहे. दोन मुली घ्या. दोघींची हजेरी ५५ टक्के. पहिलीचे २० तास झाले असताना ११ भरले आहेत. दुसरीचे ४० तास झाले असताना २२. टक्केवारी एकच, म्हणून दोघी सारख्याच काळजीत किंवा सारख्याच निवांत. पण पहिलीपुढे अजून ४० तास आहेत. ती सगळ्यांना बसली तर ५१ होतात, म्हणजे अजून ६ बुडवूनही ती ४५ वर येते. दुसरीपुढे २० तासच आहेत. ती आजपासून एकही तास न चुकवता, ताप असताना येऊन बसली, तरी ४२ होतात, ७० टक्के. तिचं गणित बंद झालेलं आहे, तिला समितीच्या दारात जावंच लागणार.

असं का होतं ते समजायला अवघड नाही. आजपर्यंत झालेल्या तासांचे पाऊणपट करा आणि त्यातून तुमचे भरलेले तास वजा करा. जे उरेल ती तूट. पहिलीची तूट १५ वजा ११, म्हणजे ४. दुसरीची ३० वजा २२, म्हणजे ८. आता पुढे एक तास भरलात की हजेरी १ ने वाढते, पण अपेक्षाही पाऊण तासाने वाढते. म्हणून एक तास बसून तूट फक्त पाव तासाने कमी होते. ४ तासांची तूट भरायला सलग १६ तास, ८ तासांची भरायला सलग ३२ तास. दुसरीकडे ३२ तास उरलेलेच नाहीत. आणि उलट बाजूने, एक तास बुडवला की तूट पाऊण तासाने वाढते, ती भरायला तीन तास बसावं लागतं. एका दांडीला तीन हजेऱ्या, हा भाव लक्षात ठेवा. सुट्टीनंतरच्या सोमवारी झोप मोडताना आठवेल.

दर महिन्याच्या शेवटी डिफॉल्टर लिस्ट लागेल. पहिल्या यादीत नाव आलं तर मी बोलेन, दुसऱ्या यादीला घरी फोन जाईल, तिसरी यादी ऑफिसात जाते आणि हॉल तिकिटं तिच्यावरून अडतात. पहिल्या यादीत नाव आलेल्यांपैकी जे त्याच दिवशी वरचा हिशेब करतात, ते सहसा वाचतात. लांबच्या वाडीवरून येणाऱ्यांनी सकाळच्या पहिल्या गाडीची अडचण असेल तर मला आत्ता सांगावं. गाडीच उशिरा येत असेल तर दहा मिनिटं उशिरा आत घेईन, पण ते आधी ठरलेलं हवं.

प्रॉक्सीचं थोडक्यात सांगते. उदाहरण सोडवायला देऊन मी बाकांमधून फिरते तेव्हा डोकी मोजत असते. मस्टरवर ४१ आणि बाकांवर ३६ असले, तर त्या दिवशी हजेरी पुन्हा नावाने होते, ज्याची प्रॉक्सी लागली त्याची खोडली जाते आणि ज्याने लावली त्याचीही. मैत्री निभावायला दुसऱ्या बऱ्याच जागा आहेत.

चाचणी बुडाली तर फेरचाचणी एकच होईल, तीही आजारपण, घरातलं मृत्युकार्य किंवा कॉलेजच्याच कामासाठी गैरहजर असाल तरच. चाचणीत कमी पडले म्हणून परत देता येणार नाही.

गुण विद्यापीठाच्या पोर्टलवर भरून लॉक केले की ते माझ्याही हातात राहत नाहीत. त्यानंतर दुरुस्ती म्हणजे अर्ज, प्राचार्यांचं पत्र आणि बरीच वाट पाहणं. म्हणून लॉक करण्याआधी सगळे गुण तीन दिवस बोर्डावर लागतील. आपल्या नावासमोर नव्हे, आपल्या पीआरएनसमोर बघा, कारण एकाच आडनावाचे आपल्या वर्गात पुष्कळ आहेत. तीन गोष्टी तपासा. दोन्ही चाचण्यांचे गुण तुमच्या तपासलेल्या पेपरशी जुळतात का, म्हणजे तो पेपर जपून ठेवलेला हवा. १७ चे ७ झालेले नाहीत ना. आणि दिलेल्या चाचणीसमोर गैरहजर असा शेरा नाही ना, कारण शून्य आणि गैरहजर या दोन वेगळ्या नोंदी आहेत. बरोबर असेल तर सही करा. चूक माझ्याकडूनही होते, रात्री साडेअकराला दीडशे आकडे भरताना होतेच.

शेवटी ४ क्रेडिट म्हणजे काय ते. ग्रेड पॉइंट दहाच्या मापाने मिळतात, ओ म्हणजे १०, ए प्लस ९, ए ८, बी प्लस ७, बी ६, असे खाली. सेमिस्टरचा एसजीपीए काढताना प्रत्येक विषयाचा ग्रेड पॉइंट त्याच्या क्रेडिटने गुणतात, बेरीज करतात आणि एकूण क्रेडिटने भागतात. पुन्हा तीच भारित सरासरी. सेमिस्टर २२ क्रेडिटचं धरा. या विषयात तुम्ही ६ वरून ८ वर गेलात तर बेरजेत ८ ची भर पडते, एसजीपीए साधारण ०.३६ ने वाढतो. हीच सुधारणा २ क्रेडिटच्या विषयात केलीत तर साधारण ०.१८. कोणत्या विषयाला किती वेळ द्यायचा, हे ठरवताना तुमच्या टाइमटेबलशेजारी क्रेडिटचा रकाना लिहून ठेवा.

पहिला स्वाध्याय या पत्रासोबत आहे. शनिवारी टेबलावर हवा. पहिला आठवडी बाजार येत्या बुधवारी आहे. त्याआधी दहा वस्तूंची यादी मला दाखवून सही घ्या. सुकी मासळी घेतलीत तर चालेल, पण चारही बाजारांना ती मिळेल का ते मासळीवालीला आधी विचारून या.

तुमच्या,
स्टॅटिस्टिक्सच्या मॅडम